कागदावर दहा मिनिटं, पेटीत दोन तास : सौर कुकरच्या प्रकल्प नोंदी

१८ मार्च

पेटी तयार झाली. आतला काळा पत्रा अॅल्युमिनियमचा, त्यावर मॅट काळा रंग. बाजूंना आणि तळाला पाच सेंटीमीटर जाड ग्लासवूल. वर एकमेकींपासून दीड सेंटीमीटर अंतरावर दोन काचा. काचेचं उघडं क्षेत्र ५० बाय ५० सेंटीमीटर, म्हणजे पाव चौरस मीटर. मागच्या कडेला बिजागरीवर तेवढ्याच मापाचा साधा काचेचा आरसा.

प्रकल्पाचा प्रश्न सरळ आहे. आरशाचं क्षेत्र आणि उन्हाची तीव्रता माहीत असेल, तर भात किती वेळात होईल हे आधीच सांगता येईल का?

पहिला हिशोब आज केला. ३०० ग्रॅम तांदूळ, ६०० ग्रॅम पाणी, ४०० ग्रॅमचं अॅल्युमिनियमचं भांडं. हे सगळं एक अंशाने तापवायला लागणारी उष्णता अशी : पाण्याला २.५ किलोज्यूल, कोरड्या तांदळाला अर्धा, भांड्याला जेमतेम ०.३६. बेरीज सुमारे ३.४ किलोज्यूल. २८ अंशांपासून ९५ पर्यंत न्यायचं तर ६७ अंश चढायचे, म्हणजे २२७ किलोज्यूल.

आता ऊन. दुपारी सपाट जमिनीवर चौरस मीटरला ८०० वॉट मिळतात असं धरलं. काचेवर २०० वॉट, आरशाचे आणखी २००, एकूण ४००. २२७ किलोज्यूलना ४०० वॉटने भागलं की साडेनऊ मिनिटं येतात. गॅसवरसुद्धा यापेक्षा जास्त वेळ लागतो. आकडा चुकीचा आहे हे वहीत लिहितानाच कळत होतं, पण नेमका कुठे चुकीचा आहे ते सांगता येत नव्हतं. म्हणून तो खोडला नाही. पुढचं सगळं काम या साडेनऊ मिनिटांशी भांडत करायचं ठरवलं.

२० मार्च

पहिला भात. भांडं १०:५० ला ठेवलं, १ वाजता काढलं. दोन तास दहा मिनिटं.

तेवढ्या वेळातही भात नीट झाला नाही. तळाचा थर गिच्च आणि वरचा बोटभर थर कच्चा. ताईने नेहमीसारखं वरचं एक शीत दाबून पाहिलं आणि म्हणाली, "अजून कणी आहे." मी तळातून चमचाभर काढून दाखवला, तर तो पार मऊ. शितावरून भाताची परीक्षा चुलीवर चालते, कारण तिथे पाणी खळखळून वर-खाली होतं आणि सगळ्या भाताला सारखी उष्णता लागते. इथे पाणी उकळतच नव्हतं. उष्णता तळाच्या पत्र्यातून भांड्यात जात होती आणि भात आहे त्या जागी थरांनी शिजत होता.

शिवाय मध्ये तीन वेळा झाकण उघडून पाहिलं. पहिल्यांदा उघडलं तेव्हा काळ्या पत्र्याचं तापमान ११४ होतं, अर्ध्या मिनिटात ते ८८ वर आलं आणि पुन्हा ११४ व्हायला अकरा मिनिटं लागली. तीन वेळा उघडलं म्हणजे अर्धा तास तिथेच गेला.

२१ मार्च

कालच्या आकड्यांचा मेळ बसत नव्हता. भांड्यात सोडलेलं तापमान मोजायचं थर्मोकपल तासाभरात ९८ दाखवत होतं, आणि भात मात्र कच्चा. दोर काढून पाहिला तर त्याचं टोक भांड्याच्या तळाला टेकलेलं होतं. म्हणजे आम्ही पाण्याचं नाही, तळाचं तापमान लिहीत होतो. आज टोक तळापासून दोन सेंटीमीटर वर राहील असं तारेच्या तुकड्याला बांधलं. त्याच वेळी तळाला दुसरं थर्मोकपल लावलं. तळ ९८ असताना मधलं पाणी ८३ होतं. हा पंधरा अंशांचा फरक म्हणजेच कालचा कच्चा भात.

दुसरी चूक उन्हाची तीव्रता मोजणाऱ्या सोलर मीटरची. तो पेटीच्या पुढे, काचेला चिकटून ठेवला होता आणि ११:४० ला १०२० दाखवत होता. निरभ्र दिवशी सपाट जागेवर एवढा आकडा येणं मला पटेना. हाताने आरसा झाकला तर आकडा लगेच ८१० वर उतरला. आरशातून सांडणारा कवडसा मीटरवर पडत होता. आता मीटर पेटीच्या मागे, आरशाच्या सावलीबाहेर, त्याच पातळीवर आडवा ठेवला आहे. या दोन चुकांमुळे कालच्या दिवसाचा एकही आकडा हिशोबात घेता येणार नाही. ते पान तसंच ठेवलं, वर "वापरू नये" असं लिहून.

२३ मार्च

आज भांडंच ठेवलं नाही. आरसा काळ्या कापडाने झाकला, रिकामी पेटी बंद करून उन्हात ठेवली आणि पत्र्याचं तापमान कुठे जाऊन थांबतं ते पाहिलं.

ते १२८ अंशांवर थांबलं. पुढची पंचवीस मिनिटं हललं नाही. बाहेरची हवा ३१, मीटरवर ८०८.

तापमान थांबलं याचा अर्थ पेटीत येणारी उष्णता आणि बाहेर जाणारी उष्णता बरोबरीत आल्या. येणारी किती ते काढता येतं. दोन्ही काचांखाली मीटर धरला तर ८०० चे ५६५ राहिले, म्हणजे काचा सुमारे ७० टक्केच ऊन आत सोडतात. काळा मॅट रंग त्यातलं ९३ टक्क्यांच्या आसपास शोषतो. काचेवर पडणाऱ्या २०० वॉटमधले पत्र्याला लागतात १३०. तेवढेच वॉट ९७ अंशांच्या फरकाला बाहेर जात आहेत. म्हणजे पेटी दर अंशाला १.३४ वॉट गमावते.

मला या सगळ्या प्रकल्पात हाच आकडा सर्वांत मोलाचा वाटतो. १८ तारखेच्या हिशोबात तो नव्हताच. तिथे जणू पेटीतून काहीच बाहेर जात नव्हतं.

सरांना वही दाखवली. ते म्हणाले, "९७ ला ८०८ ने भाग." ०.१२ आलं. पेटीकुकर तपासताना हाच पहिला गुणवत्ता-अंक काढतात आणि चांगल्या पेटीचा तो ०.१२ किंवा त्याच्या वर असतो. आपली पेटी बरी निघाली, गळकी नाही. मग भाताला वेळ लागण्याचं कारण पेटीच्या बांधणीत नसून हिशोबातच आहे.

२५ मार्च

आरसा झाकलेला, भांड्यात एक लिटर पाणी. तांदूळ नाही, म्हणजे एकच गोष्ट बदलते. दर दहा मिनिटांनी तापमान लिहिलं. ऊन ७९० ते ८१० मध्ये स्थिर.

सुरुवातीला दहा मिनिटांत पाणी १० अंश चढत होतं. ६० च्या आसपास दहा मिनिटांत ७. ८० जवळ ५. ९० जवळ आल्यावर जेमतेम ३. ९० गाठायला एक तास चाळीस मिनिटं लागली.

ऊन तेच, काच तीच, पाणी तेच. तरी चढ एक तृतीयांशाच्याही खाली आला. कारण २३ तारखेच्या आकड्यात आहे. पाणी ९० वर असताना हवेशी फरक ६० अंशांचा, म्हणजे निदान ८० वॉट बाहेर जातात. पत्रा पाण्याहून गरम असतो, त्यामुळे प्रत्यक्षात याहून जास्तच. आत येतात १३०. उरलेल्यातून पत्रा आणि भांडंही तापायचं असतं. दहा मिनिटांत ३ अंश म्हणजे पाणी आणि भांड्याच्या वाट्याला जेमतेम २३ वॉट येत होते.

म्हणजे पेटीला दोनशे वॉट मिळतात असं म्हणून भागत नाही. थंड पाण्याला ती भरपूर देते. तापलेल्या पाण्याला देण्यासारखं तिच्याकडे फार थोडं उरतं. आणि भात शिजतो तो तापलेल्या पाण्यात. तांदळातला स्टार्च साधारण ६५ ते ७५ अंशांत फुगायला लागतो. काही जातींत थोडं खाली, काहींत थोडं वर. पण दाणा मध्यापर्यंत नीट मऊ व्हायला पाणी ८५ च्या वर काही वेळ राहिलेलं बरं. उकळी यायलाच हवी असं नाही. पेटीची खरी परीक्षा ८५ ते ९५ या दहा अंशांत होते, आणि तिथेच ती सर्वांत दुबळी असते.

२७ मार्च

आरशाचा दिवस. आधी त्याचा कोन.

पहिल्या दिवशी आरसा डोळ्यांच्या अंदाजाने उभा केला होता. आज एक मीटरची काठी उभी करून सावली मोजली. ५८ सेंटीमीटर भरली, म्हणजे सूर्य क्षितिजापासून ६० अंश वर. आरसा कुठे लावायचा हे ठरवायला मी आणि ताईने आलेखाच्या कागदावर आकृती काढली. आरशाच्या वरच्या कडेवर पडलेला किरण काचेच्या पुढच्या कडेवर पडला पाहिजे. तो पुढे सांडला तर वाया, अलीकडे पडला तर आरसा हवा त्यापेक्षा पुढे झुकलेला आहे. आरसा आणि काच सारख्या लांबीची असतील तर नियम सुटसुटीत येतो : सूर्याच्या उंचीचे दोन तृतीयांश घ्या आणि त्यात ६० मिळवा. सूर्य ६० वर असेल तर आरसा काचेशी १०० अंशांचा कोन करेल, म्हणजे उभ्यापेक्षा दहा अंश मागे कललेला.

हा नियम तपासायला काचेवर पांढरा कागद पसरला. १०० अंशांवर कवडशाची कड काचेच्या पुढच्या कडेला बरोबर टेकली. आरसा १०८ पर्यंत मागे कलता केला तर कवडसा काचेच्या पुढे जमिनीवर चांगला हातभर सांडला. (आरशाकडे सरळ पाहू नये. कागदाकडे पाहूनच लावावा.)

आता आरसा किती देतो ते. त्याचं क्षेत्र काचेएवढंच आहे, पण तो सूर्यासमोर सरळ नसतो, तिरका असतो. १०० अंशांवर सूर्यकिरण त्याला ४० अंशांच्या कोनात लागतात, म्हणून पाव चौरस मीटरचा आरसा ०.१६ चौरस मीटरएवढीच किरणांची पट्टी अडवतो. काचेचा आरसा त्यातलं सुमारे ८५ टक्के परत फेकतो. आणि तो फक्त सूर्याकडून थेट आलेलं ऊन वळवतो, आकाशभर पसरलेला उजेड नाही. मीटरच्या टोकावर हातभर अंतरावरून छोटी चकती धरून फक्त सूर्य झाकला तर आकडा ८०० वरून १२५ वर आला. म्हणजे थेट ऊन ६७५, तेही सपाट जागेवर. किरणांना काटकोनात धरलं तर ७८०.

गुणाकार केला : आरसा काचेवर सुमारे १०७ वॉट टाकतो. १८ तारखेला मी २०० लिहिले होते.

एकूण ३०७, आत १९५ च्या थोडं पुढे-मागे. आरशाशिवाय १३०. दीडपट झाले.

मग त्याच एक लिटर पाण्यावर चाचणी. ९० गाठायला ५४ मिनिटं. आरशाशिवाय १०० मिनिटं लागली होती. उष्णता दीडपट आणि वेळ जवळजवळ निम्मा, हे पाहून ताई म्हणाली, "कुठेतरी चुकलीस. दीडपट दिलं तर वेळ दोन तृतीयांश व्हायला हवा, ६७ मिनिटं."

आम्ही दोन्ही दिवसांचे आकडे शेजारी मांडले. सुरुवातीच्या दहा मिनिटांत खरोखरच दीडपट फरक होता, १० ऐवजी १५ अंश. पण ९० जवळ आरशाशिवाय ३ अंश आणि आरशासह ७. तिथे फरक दुपटीहून मोठा. पेटीतून जाणारे ८० वॉट आरसा असो वा नसो, जायचेच आहेत. ते आधीच काचेवरच्या उन्हातून फेडले गेलेले असतात. आरशाने आणलेला प्रत्येक वॉट त्यांच्या वर पडतो आणि भांड्यात जातो. म्हणून आरशाचं खरं बळ सुरुवातीला नाही, शेवटच्या दहा अंशांत दिसतं. हे मला आधी सुचलं नव्हतं.

३० मार्च

आकाश पांढुरकं, सावल्या फिकट. ऊन चांगलंच लागत होतं, मीटरवर ६०० होतं. आरसा लावून पुन्हा एक लिटर पाणी.

सव्वादोन तासांनी ८७ अंश. त्यापुढे सरकलं नाही, कारण दुपार उतरायला लागली.

८०० चे ६०० म्हणजे उन्हात फक्त पाव भागाची घट. पण चकती धरली तर ३०० उरले, म्हणजे निम्मं ऊन नुसता पसरलेला उजेड. आरशाला वळवायला थेट ऊन निम्म्याहून कमी मिळालं, आणि त्याने १०७ ऐवजी काचेवर सुमारे ४७ वॉट टाकले. धुरकट दिवशी तोटा दोन बाजूंनी होतो. काचेवर कमी पडतं, आणि आरसा तर जवळजवळ नसल्यासारखाच होतो. आत १२८ वॉट गेले. निरभ्र दिवशी आरसा झाकून जेवढे जातात तेवढेच.

आजपासून मीटरच्या रकान्याशेजारी सूर्य झाकून घेतलेल्या आकड्याचाही रकाना केला आहे. नुसत्या एका आकड्यावरून भाताचा वेळ सांगता येत नाही. मीटर नसेल तर काठीच्या सावलीची कड पाहावी. कड धारदार दिसली तर आरसा काम करेल. ती विरलेली असेल तर आरशावर भरवसा ठेवू नये.

२ एप्रिल

पुन्हा भात, यावेळी सगळं नीट. आरसा कोनात, थर्मोकपल जागेवर, झाकण मध्ये न उघडता. पेटी दर वीस मिनिटांनी सूर्याकडे वळवली. सूर्य डोक्याकडे आला की त्याची दिशा झपाट्याने बदलते. वीस मिनिटांत कवडसा पुढच्या कडेला पाच-सात सेंटीमीटर एका बाजूला सरकलेला दिसतो.

भात होण्याची खूणही बदलली. चवीवर सोडलं तर ताई आणि मी कधी एकमत होणार नाही. काचेच्या दोन पट्ट्यांमध्ये दहा दाणे ठेवून दाबायचे. मध्ये पांढरा अपारदर्शक ठिपका राहिला तर दाणा कच्चा. वरच्या थरातले पाच, तळातले पाच, आणि दहापैकी नऊ दाणे ठिपक्याशिवाय दिसले की भात झाला असं धरायचं.

हिशोबाप्रमाणे ९५ ला ४८ मिनिटांत पोचायला हवं होतं. (दर मिनिटाला येणारी उष्णता वजा त्या तापमानाला जाणारी, असं मिनिटा-मिनिटाने मांडून काढलं आहे. पत्र्यातून भांड्यात जाताना पाचवा भाग वाया जातो असं धरलं.) प्रत्यक्षात ५९ मिनिटं लागली, आणि दाणे ८८ व्या मिनिटाला झाले.

अकरा मिनिटांचा फरक कुठून आला ते झाकण उघडल्यावर समजलं. आतल्या काचेवर दाट थेंब साचले होते, काही ओघळून पत्र्यावर पडत होते. भांडं वजनकाट्यावर ठेवलं : ५८ ग्रॅम कमी भरलं. वाफेला ग्रॅममागे २.२६ किलोज्यूल लागतात. ५८ ग्रॅमला १३१. सगळा भात ९५ पर्यंत तापवायला लागतात २२७. म्हणजे तापवण्याच्या निम्म्याहून जास्त उष्णता आम्ही भांड्याच्या सैल झाकणातून सोडून दिली. आणि ती वाफ काचेला चिकटून वर आणखी ऊन अडवत होती.

४ एप्रिल

भांडं बदललं. नवं झाकण घट्ट बसतं आणि त्याची कड आत वळलेली आहे, त्यामुळे थेंब भांड्यातच परत पडतात. थर्मोकपलचं भोक उष्णता सोसणाऱ्या सिलिकोनने बुजवलं. पाणी ६०० वरून ५६० ग्रॅमवर आणलं, कारण आता ते उडून जाणार नाही. पहिल्या दिवशीच्या गिच्च भाताला जास्तीचं पाणीही थोडं कारणीभूत असावं असं वाटतं.

९५ ला ४७ मिनिटं. हिशोबात पाणी कमी केलं तर ४६ येतात. दाणे ७४ व्या मिनिटाला झाले. वजनात घट फक्त ११ ग्रॅम. काचेवर नुसती धूसर झाक होती, थेंब नव्हते.

पहिल्यांदाच कागद आणि पेटी एका मिनिटाच्या अंतरात आले. वही मिटवून मी बराच वेळ त्या दोन आकड्यांकडे पाहत बसले होते.

६ एप्रिल

आज तांदूळ अर्धा तास आधी भिजवला, बाकी सगळं तेच. तापायला वेळ तेवढाच लागला, ४८ मिनिटं. पण दाणे ६१ व्या मिनिटाला झाले. भिजवलेल्या दाण्यात पाणी मध्यापर्यंत आधीच पोचलेलं असतं, त्यामुळे शिजायला उष्णता तेवढीच लागली तरी पाणी आत मुरायचा वेळ वाचतो. वरचे आणि तळाचे दाणे प्रथमच सारखे निघाले. भात मोकळा झाला होता.

८ एप्रिल

सरांनी विचारलं, "आरसा मोठा केला तर?" ८० सेंटीमीटर उंचीचा आरसा बसवून पाहिला. क्षेत्र ६० टक्क्यांनी वाढलं. मोठ्या आरशाचा कवडसा काचेवर बसवायचा तर तो जवळजवळ उभा करावा लागतो, सूर्य ६२ अंशांवर असताना ९३ अंशांपर्यंत. उभा केला की तो किरणांना आणखी तिरका होतो. ६० टक्के जास्त आरशातून सुमारे ३१ टक्केच जास्त ऊन मिळालं. काचेवरच्या एकूण उन्हात भर पडली ती साधारण दहावा हिस्सा. भात ५६ मिनिटांत झाला, म्हणजे पाच मिनिटं वाचली. दोनदा वाऱ्याने आरसा हलला आणि ताईला तो धरून बसावं लागलं. मोठा आरसा परत काढला. त्यापेक्षा बाजूंना दोन अरुंद आरसे लावले तर ते काचेला जास्त चांगल्या कोनात ऊन देतील असं वाटतं. ते पुढच्या फेरीत.

११ एप्रिल

शेवटची चाचणी, आरसा पूर्ण झाकून. घट्ट झाकण, भिजवलेला तांदूळ, ऊन ८०५. आधी हिशोब लिहून वहीचं पान दुमडून ठेवलं, म्हणजे पाहून आकडे लिहिण्याचा मोह होणार नाही.

हिशोब : ८५ ला ६८ मिनिटं, ९५ ला ९० च्या आसपास. प्रत्यक्षात ८५ ला ७१, आणि ९५ आलंच नाही. ९२ पर्यंत गेलं आणि तिथेच रेंगाळलं. तरी ११० व्या मिनिटाला दहापैकी नऊ दाणे ठिपक्याशिवाय होते. उकळी न येताही भात होतो, फक्त तापमान ८५ च्या वर चाळीसेक मिनिटं टिकवावं लागतं.

९५ चुकलं याचं कारण शेवटच्या अंशांत हिशोब फार नाजूक होतो. आरसा नसताना ९० वर पेटीकडे फक्त वीस-पंचवीस वॉट उरतात, त्यामुळे ११ ग्रॅम वाफ किंवा वाऱ्याची एक झुळूक यांनीही तो उलटतो. आरशासह तिथे दुपटीहून जास्त उरतं, म्हणून ४ तारखेचा अंदाज मिनिटावर बसला आणि आजचा बसला नाही. अहवालात दोन्ही आकडे द्यायचे, अंदाज आणि प्रत्यक्ष, आणि ८५ पर्यंतचाच वेळ पक्का धरायचा.

उद्या बाजूच्या आरशांसाठी बिजागऱ्या बसवायच्या आहेत. काच ओल्या कापडाने पुसून, सुकवून ठेवली आहे.